नमुना किती आणि कसा घेतला: प्रबंधातला हा परिच्छेद परीक्षकाला पटेल असा कसा लिहावा

संख्यात्मक प्रबंधाच्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडतं: "एकूण २,४०० विद्यार्थ्यांमधून यामाने यांच्या सूत्रानुसार ३४३ विद्यार्थ्यांचा नमुना सोयीस्कर पद्धतीने निवडण्यात आला." आकडेमोड बरोबर आहे, भाषाही रीतसर आहे. पण परीक्षकाने दोन प्रश्न विचारले की पुढे बोलायला काही उरत नाही. हे सूत्र तुमच्या संशोधन प्रश्नासाठी आहे का? आणि ज्या सूत्रात यादृच्छिक निवड गृहीत धरली आहे, त्याचा आकडा सोयीस्कर निवडीला कसा लावला?

नमुन्याचा आकार आणि निवड पद्धती या दोन्ही गोष्टी एकाच जागेवरून निघायला हव्यात, ती म्हणजे तुमची मुख्य परिकल्पना. एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू. समजा, वसतिगृहात राहणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ताणाच्या पातळीत फरक आहे का, हे पाहायचं आहे. ताण ० ते ४० गुणांच्या प्रश्नावलीने मोजायचा आहे. महाविद्यालयात २,४०० विद्यार्थी आहेत, त्यांपैकी ७२० वसतिगृहात राहतात आणि १,६८० घरून येतात. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशी मांडणी असंख्य प्रबंधांत असते.

आधी सूत्राला त्याचं काम विचारा

यामाने यांचं सूत्र असं आहे:

```
n = N / (1 + N * e^2)
```

N च्या जागी २,४०० आणि e च्या जागी ०.०५ घातलं की ३४३ येतात. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० सालचा प्रसिद्ध तक्ता याच जनसंख्येला ३३१ सांगतो. कॉक्रन यांच्या सूत्रातून जनसंख्या खूप मोठी धरली की येणारा ३८४ हा आकडा तर अनेकांना पाठच असतो. हे तिन्ही एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: जनसंख्येत अमुक गोष्टीचं प्रमाण किती टक्के आहे, याचा अंदाज सुमारे ९५ टक्के विश्वासपातळीवर, पाच टक्के इकडेतिकडे इतक्या अचूकतेने करायचा असेल तर किती माणसं लागतील? प्रमाण ५० टक्के असेल, म्हणजे सर्वांत जास्त माणसं लागतील अशी परिस्थिती असेल, हेही त्यात धरलेलं आहे.

"किती टक्के विद्यार्थी समुपदेशन केंद्रात जातात?" असा प्रश्न असता तर यातलं एखादं सूत्र योग्य ठरलं असतं. आपला प्रश्न दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाचा आहे. त्या फरकाबद्दल या सूत्रांत एक अक्षरही नाही. त्यामुळे ३४३ हा आकडा आपल्या कामाला पुरेसा आहे, कमी आहे की गरजेपेक्षा जास्त आहे, हे त्यावरून कळतच नाही.

"जनसंख्येच्या १० टक्के नमुना घ्यावा" हा तोंडी नियमही इथेच बाजूला ठेवा. जनसंख्येच्या मानाने नमुना लहान असेल, तर अंदाजाची अचूकता नमुन्यात प्रत्यक्ष किती माणसं आहेत यावर ठरते. तो जनसंख्येचा कितवा हिस्सा आहे याने फारसा फरक पडत नाही. दोनशेंच्या जनसंख्येचे १० टक्के म्हणजे वीस माणसं. त्यांच्यावरून दोन गटांची तुलना करायला बसणं म्हणजे वेळ घालवणं.

पहिली पायरी: कोणता फरक महत्त्वाचा मानणार, ते ठरवा

तुलनेच्या अभ्यासात नमुन्याचा आकार चार गोष्टींतून निघतो: किती लहान फरक पकडायचा आहे, गुण किती विखुरलेले आहेत, सार्थकता स्तर आणि पॉवर. शेवटच्या दोन बहुधा ठरलेल्या असतात. सार्थकता स्तर ०.०५ आणि पॉवर ०.८० घेण्याचा प्रघात आहे. पॉवर ०.८० म्हणजे ठरवलेला फरक खरोखर असेल, तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के. प्रबंधाचा खरा कस पहिल्या दोन गोष्टींत लागतो.

इथे बहुतेक जण कोहेन यांचा "मध्यम परिणाम, ०.५" उचलतात आणि मोकळे होतात. तो आकडा दुसरा काहीच आधार नसेल तेव्हासाठी आहे, हे स्वतः कोहेन यांनी सांगितलं होतं. "मध्यम परिणाम गृहीत धरला" असं लिहिलं की परीक्षक विचारणार, "मध्यमच का?" त्याऐवजी प्रश्नावलीच्या गुणांत विचार करा. ४० पैकी किती गुणांचा फरक असेल तर वसतिगृह चालवणाऱ्याने काही पावलं उचलावीत? एका गुणाच्या फरकासाठी कोणी धोरण बदलणार नाही. समजा, गाइडशी आणि समुपदेशनाचं काम करणाऱ्या एक-दोघांशी बोलून तुम्ही ठरवलंत की ३ गुणांपेक्षा लहान फरकाला व्यवहारात अर्थ नाही. हे "३ गुण" तुमच्या समर्थनाचा पाया आहेत. ते कुठून आले, हे दोन वाक्यांत लिहा.

दुसरी पायरी: प्रमाण विचलन कुठून घ्यायचं

त्याच प्रश्नावलीवर, तुमच्यासारख्याच गटावर झालेले दोन-तीन प्रकाशित अभ्यास शोधा आणि त्यांतलं प्रमाण विचलन पाहा. समजा, ते ६ ते ७.५ च्या दरम्यान आहे. ६ घेतलं तर ३ गुणांचा फरक म्हणजे ०.५ प्रमाण विचलन, आणि प्रत्येक गटात ६४ जण लागतात. ७.५ घेतलं तर तोच फरक ०.४ होतो आणि प्रत्येक गटात १०० लागतात. दोन्ही आकडे प्रबंधात दाखवा आणि मोठा निवडा. "उपलब्ध अभ्यासांतील सर्वाधिक प्रमाण विचलन गृहीत धरले आहे" हे वाक्य सावधपणा दाखवतं आणि नंतरच्या शंकेला आधीच उत्तर देतं.

पथदर्शी अभ्यासातलं प्रमाण विचलन वापरायचा मोह होतो. वीस-पंचवीस जणांवरून काढलेलं प्रमाण विचलन फार डळमळीत असतं. ते पडताळणीपुरतं ठेवा. त्याहूनही धोक्याचं म्हणजे पथदर्शी अभ्यासात दिसलेला फरकच आकडेमोडीत घालणं. इतक्या लहान नमुन्यात तो योगायोगाने दुप्पट दिसू शकतो. मग आवश्यक नमुना फसवा लहान निघतो आणि मुख्य अभ्यासात काहीच सापडत नाही.

तिसरी पायरी: आकडा काढा आणि पुन्हा काढता येईल असा नोंदवा

G*Power हे मोफत सॉफ्टवेअर बरेच जण वापरतात. R मध्ये एक ओळ पुरते:

```r
power.t.test(delta = 3, sd = 7.5,
             sig.level = 0.05, power = 0.80)
```

उत्तर ९९.०८ येतं, म्हणजे प्रत्येक गटात १०० आणि एकूण २००. अपूर्णांक नेहमी वरच न्यायचा. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, कोणती चाचणी, एकटोकी की द्विटोकी आणि घातलेले चारही आकडे प्रबंधात द्या. "G*Power द्वारे नमुना २०० निश्चित केला" एवढंच लिहिलं तर परीक्षकाला काहीच तपासता येत नाही. मग ते वाक्य असून नसल्यासारखंच.

एक गोष्ट विसरू नका. ही गणना तुम्ही प्रत्यक्षात जी चाचणी करणार आहात तिचीच हवी. परिकल्पना सहसंबंधाची किंवा प्रतिगमनाची असेल तर चाचणी बदलते आणि आकडाही बदलतो. परिकल्पना अनेक असतील तर प्रत्येकीची गणना करून सर्वांत मोठा आकडा घ्या, किंवा मुख्य परिकल्पना कोणती ते स्पष्ट सांगून तिच्यापुरतं समर्थन द्या.

आता "तक्ता ३३१ सांगतो, मग तुम्ही २०० वर का थांबलात?" या प्रश्नाला उत्तर आहे. तक्ता टक्केवारीच्या अंदाजासाठी आहे, ही गणना ३ गुणांच्या फरकासाठी आहे. आणि "मोठा आकडा घेतला की झालं" असंही म्हणता येत नाही. पकडायचा फरक ०.२ प्रमाण विचलनाइतका बारीक असता तर प्रत्येक गटात ३९४ लागले असते. तिथे ३४३ चा अख्खा नमुनाही निम्म्याहून कमी पडला असता.

चौथी पायरी: निवड पद्धत याच गणितातून काढा

बहुतेक प्रबंधांत इथे पाठ्यपुस्तकातली व्याख्या येते: "ज्या पद्धतीत प्रत्येक घटकाला निवडीची समान संधी असते तिला…" वगैरे. व्याख्या परीक्षकाला माहीत असते. त्याला हवं असतं ते तुमचं कारण.

आपल्या उदाहरणात कारण समोरच आहे. २,४०० च्या यादीतून साध्या यादृच्छिक पद्धतीने २०० जण उचलले, तर वसतिगृहातले साधारण ६० आणि घरून येणारे १४० येतील. दोन गट असमान झाले की तुलनेची ताकद लहान गट ओढून खाली आणतो. ६० आणि १४० मिळून प्रत्येकी ८४ च्या दोन गटांइतकंच काम करतात, आणि पॉवर ०.८० वरून साधारण ०.७३ वर येते. म्हणून वसतिगृह आणि घर असे दोन स्तर करून प्रत्येकातून सारखेच विद्यार्थी यादृच्छिक पद्धतीने घ्यायचे. स्तरित निवड का केली, याचं कारण आता तुमच्या स्वतःच्या आकड्यांतून निघतं.

याची किंमतही लिहून टाका. अशा नमुन्यात वसतिगृहातले विद्यार्थी निम्मे असतील, प्रत्यक्ष जनसंख्येत ते ३० टक्के आहेत. त्यामुळे दोन गटांची तुलना बिनधास्त करता येते, पण "महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा सरासरी ताण अमुक" असं सांगायचं असेल तर दोन्ही स्तरांच्या सरासरींना ०.३० आणि ०.७० असं भारमान द्यावं लागेल. हे स्वतःहून लिहिलं की व्हायव्हातला एक प्रश्न तिथेच संपतो.

नंतर नमुना चौकट, म्हणजे ज्या यादीतून निवड केली ती यादी. ती कोणी दिली, कोणत्या तारखेची होती आणि तिच्यात कोण सुटलं, हे नोंदवा. उशिरा प्रवेश घेतलेले विद्यार्थी यादीतून सुटण्याची आणि प्रवेश रद्द केलेले चुकून यादीत तसेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. दर दहावा विद्यार्थी घेणार असाल तर सुरुवात यादृच्छिक करा आणि यादीचा क्रम कसा आहे तेही पाहा. खोल्यांप्रमाणे लावलेल्या यादीत ठरावीक अंतराने कोपऱ्यातल्याच खोल्या येत राहिल्या तर निवड यादृच्छिक राहत नाही.

सोयीसाठी वर्गच्या वर्ग निवडून प्रश्नावली वाटणार असाल, तर ती समूह नमुना निवड आहे. तिला "यादृच्छिक" एवढंच म्हणून चालणार नाही. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून प्रत्येकाकडून मिळणारी नवी माहिती कमी होते. त्यासाठी नमुना 1 + (m − 1) × ICC या पटीने वाढवतात. m म्हणजे प्रत्येक वर्गातले प्रतिसादक, ICC म्हणजे एका वर्गातल्या उत्तरांमधलं साम्य. वर्गात ४० जण आणि ICC फक्त ०.०२ धरला तरी पट १.७८ येते आणि २०० चे ३५६ होतात. आपल्या उदाहरणात एकाच वर्गात दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतील, त्यामुळे गटांमधल्या फरकासाठी प्रत्यक्ष नुकसान याहून कमी होईल. हा आकडा सावध बाजूचा आहे. पण वसतिगृहाचे मजले किंवा इमारतीच समूह म्हणून निवडल्या, तर ही सवलत मिळत नाही.

पाचवी पायरी: परत न येणाऱ्या प्रश्नावल्या

१०० हा विश्लेषणात लागणारा आकडा आहे. समजा, आधीच्या अशाच सर्वेक्षणांत ७० टक्के प्रतिसाद मिळाला होता आणि आलेल्या प्रश्नावल्यांपैकी ५ टक्के अपुऱ्या निघाल्या. मग १०० ला ०.७० आणि ०.९५ यांच्या गुणाकाराने, म्हणजे ०.६६५ ने भागायचं. उत्तर १५०.४, म्हणजे प्रत्येक गटातून १५१ जण निवडायचे. "३० टक्के वाढवून १३० केले" हा नेहमीचा घोटाळा आहे. १३० चे ७० टक्के ९१ होतात, १०० नाही.

निवडीचा कोडही परिशिष्टात द्या:

```r
set.seed(4127)
vasatigruha <- sample(1:720, 151)
gharun      <- sample(1:1680, 151)
```

बीज क्रमांक नोंदवला की कोणालाही त्याच यादीतून तीच निवड पुन्हा करता येते. आणि निवडलेला विद्यार्थी भेटला नाही म्हणून शेजारच्या खोलीतला घेऊ नका. जास्तीचे ५१ त्याचसाठी घेतले आहेत. जो सहज भेटतो तो बहुधा कमी व्यग्र असतो, आणि व्यग्रता ताणाशी जोडलेली आहे.

परिच्छेद कसा दिसेल

"मुख्य परिकल्पना दोन गटांच्या सरासरी ताणातील फरकाची असल्यामुळे नमुन्याचा आकार स्वतंत्र गटांच्या द्विटोकी टी-चाचणीसाठी पॉवर विश्लेषणाने ठरवला. ३ गुणांपेक्षा लहान फरक व्यवहारात उपयोगी मानला नाही (कारणे मागील विभागात). आधीच्या अभ्यासांतील सर्वाधिक प्रमाण विचलन ७.५, सार्थकता स्तर ०.०५ आणि पॉवर ०.८० धरता प्रत्येक गटात १०० प्रतिसादक आवश्यक ठरले. वसतिगृहातील विद्यार्थी जनसंख्येत ३० टक्केच असल्याने साध्या यादृच्छिक निवडीत गट असमान होऊन पॉवर घटली असती. म्हणून समान वाटपाची स्तरित यादृच्छिक निवड केली. ७० टक्के प्रतिसाद व ५ टक्के अपूर्ण प्रश्नावल्या गृहीत धरून प्रत्येक स्तरातून १५१ विद्यार्थी निवडले."

यात एकही व्याख्या नाही. प्रत्येक वाक्यात एक निर्णय आणि त्याचं कारण आहे.

यादृच्छिक निवड शक्यच नसेल तर

यादी मिळत नाही, परवानगी एकाच विभागाची मिळते, वेळ संपत आलेला असतो. अशा वेळी सोयीस्कर निवड करणं गुन्हा नाही. तिला दुसऱ्या नावाखाली लपवणं मात्र महागात पडतं. "उद्देशपूर्ण निवड" हे नाव चिकटवून बऱ्याच जणांना वाटतं की काम झालं. उद्देश काय आणि निकष कोणते, हे विचारलं की ते नाव गळून पडतं.

त्याऐवजी तीन गोष्टी लिहा. यादृच्छिक निवड का जमली नाही, नेमक्या अडथळ्यासह. या निवडीने उत्तर कोणत्या दिशेला झुकू शकतं: ग्रंथालयात भेटलेले विद्यार्थी घेतले तर अभ्यासाचा ताण जास्त असलेले अधिक येतील, आणि घरून येणारे तिथे कमी थांबत असतील तर फरक फुगूनही दिसू शकतो. तिसरं म्हणजे नमुन्याची जनसंख्येशी तुलना. लिंग, वर्ष, शाखा यांची टक्केवारी कार्यालयाकडून मिळते. ती नमुन्याच्या टक्केवारीशेजारी तक्त्यात ठेवा. जिथे तफावत आहे तिथे दाव्याची व्याप्ती कमी करा. आकार वाढवून झुकाव जात नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या आणि तरीही अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा त्यांचा अंदाज सपशेल चुकला. पत्ते आले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून, आणि मतपत्रिका परत पाठवणारेही सर्वसाधारण मतदारांसारखे नव्हते.

माहिती आधीच गोळा झाली असेल आणि समर्थन नंतर लिहायचं असेल, तर मागाहून पॉवर विश्लेषण करून "१०० हवे होते" असं दाखवू नका. मिळालेला फरक घालून काढलेली "निरीक्षित पॉवर" तर काहीच नवं सांगत नाही, कारण ती थेट पी-मूल्यातूनच निघते. प्रामाणिक मार्ग उलट्या दिशेचा आहे. समजा ७० आणि ४५ प्रतिसादक मिळाले. G*Power मध्ये Sensitivity हा पर्याय निवडून विचारा की एवढ्या नमुन्यात ०.८० पॉवरने किती लहान फरक पकडता येतो. उत्तर साधारण ०.५४ येतं, म्हणजे प्रमाण विचलन ७.५ असेल तर ४ गुण. मग लिहा: "या नमुन्यात सुमारे ४ गुणांचा किंवा त्याहून मोठा फरक पकडण्याची पुरेशी क्षमता आहे, त्याहून लहान फरकाबद्दल हा अभ्यास ठाम विधान करू शकत नाही." निष्कर्षात "फरक नाही" असं लिहायचा मोह झाला की हे वाक्य पुन्हा वाचा.

माहिती आल्यावर

निवडलेले, संपर्क झालेले, प्रश्नावली परत दिलेले आणि विश्लेषणात घेतलेले, हे चार आकडे दोन्ही गटांसाठी तक्त्यात द्या. समजा, शेवटी ९४ आणि १०९ उरले. एक गट शंभरापेक्षा कमी दिसतो म्हणून घाबरायचं कारण नाही. २ × ९४ × १०९ भागिले २०३ केलं की साधारण १०१ येतात, म्हणजे प्रत्येकी १०१ च्या दोन गटांइतकी ताकद शिल्लक आहे. गृहीत धरलेलं ७.५ हे प्रमाण विचलनही प्रत्यक्ष आकड्याशी ताडून पाहा. ते ९ निघालं, तर ३ गुणांचा फरक ०.३३ इतकाच राहतो आणि पॉवर ठरवल्यापेक्षा कमी पडली, हे मर्यादांमध्ये नोंदवावं लागेल. शिवाय पहिल्या स्मरणपत्राआधी उत्तर देणारे आणि दोन-तीन स्मरणपत्रांनंतर देणारे यांचे सरासरी गुण वेगळे काढा. उशिरा देणाऱ्यांचा ताण ठळकपणे जास्त दिसला, तर अजिबात उत्तर न देणाऱ्यांचाही तसाच असण्याची शक्यता आहे. तो आकडा कोणत्या गटात किती जण गळाले याच्या शेजारीच द्या.